पिनवालं कुलूप बरोबर चावी ओळखतं कसं? (शेजाऱ्यांच्या चावीने आमचं लॅच उघडलं!)

मुक्ता_ठाणे
नमस्कार मंडळी. प्रश्न कुलपाच्या आतल्या यंत्रणेबद्दल आहे, "कुठलं कुलूप घेऊ" असा नाही, त्यामुळे कृपया ब्रँड सुचवू नका.

गेल्या आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन आल्या, लिफ्टचं चुकीचं बटण दाबलं गेलं आणि आमच्या दाराला स्वतःची चावी लावून सरळ आत आल्या. सासरे टीव्ही बघत होते. दोघेही एकमेकांकडे बघत राहिले! चहा झाला, हसू झालं, पण नंतर माझी झोप उडाली. दार ओढून घेतलेलं होतं, लॅच लागलेलं होतं, चावी फिरवल्यावरच उघडलं. काकू म्हणाल्या, "जरा अडली, पण माझी पण अडतेच कधी कधी."

नेहमीचं नाइट लॅच आहे, चपटी चावी, एका बाजूला पाच खाचा. बिल्डिंग सतरा वर्षांची, चाळीस फ्लॅट, सगळीकडे बिल्डरनेच बसवलेली एकाच प्रकारची लॅचं. नेटवर आतली चित्रं पाहिली, स्प्रिंगा आणि पिना दिसल्या, पण कुलपाला "हीच चावी आपली" हे नेमकं कशावरून कळतं ते डोक्यात शिरलं नाही. आणि जर कळतं, तर मग काकूंच्या चावीचं काय झालं?

ऱ्हस्वदीर्घ
सोपं आहे. आत पिना असतात, स्प्रिंग त्यांना खाली दाबून ठेवते, त्या फिरणाऱ्या भागाला अडवतात. चावी घातली की पिना वर उचलल्या जातात, वाट मोकळी होते, कुलूप फिरतं. चुकीची चावी पिना पुरेशा उचलत नाही म्हणून फिरत नाही. काकूंच्या चावीचे दाते तुमच्यापेक्षा उंच असणार, सगळ्या पिना उचलल्या गेल्या, उघडलं. विषय संपला.

गणितमास्तर
ऱ्हस्वदीर्घ, असं असतं तर बिनखाचांची कोरी चावी घालून जगातलं कुठलंही कुलूप उघडलं असतं. कोरी चावी सगळ्यात उंच. ती सगळ्या पिना भरपूर उचलते. उघडतं का?

ऱ्हस्वदीर्घ
कोरी चावी आतच जात नसेल.

कानस
जाते की. डुप्लिकेट बनवणारा आधी कोरी चावी घालूनच बघतो, कुलपाच्या तोंडाची नक्षी जुळते का ते. आत जाते आणि ढिम्म फिरत नाही. बऱ्याच कुलपांची रोजची सुरक्षा तिथेच आहे, त्यामुळे यावर सविस्तर लिहितो. मी अनेक वर्षं पिंपरीला सिलेंडर लॉक बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूमला होतो, डोळ्यासमोर हेच असायचं.

ऱ्हस्वदीर्घ यांनी जे कुलूप वर्णन केलंय ते खरोखर होतं, पण इजिप्तमध्ये, लाकडाचं, काही हजार वर्षांपूर्वी. आडण्यात भोकं, त्यात वरून खुंट्या पडलेल्या, चावी म्हणजे खुंट्या लावलेली लाकडी पट्टी. खालून घालायची, वर ढकलायची, खुंट्या आडण्याबाहेर निघाल्या की आडणा ओढायचा. तिथे खुंट्या गरजेपेक्षा जास्त उचलल्या तरी काही बिघडत नव्हतं. म्हणजे ते कुलूप "पुरेसं उचललं का?" एवढंच तपासायचं.

आजच्या कुलपात पिन अखंड नसते. प्रत्येक भोकात दोन तुकडे असतात, एकावर एक नुसते ठेवलेले. खालचा तुकडा चावीवर टेकतो, त्याच्यावर दुसरा तुकडा, त्याच्यावर स्प्रिंग. फिरणाऱ्या दंडगोलाला आम्ही प्लग म्हणायचो, बाहेरच्या घराला बॉडी. प्लगमध्ये पाच भोकं आणि बॉडीत बरोबर त्यांच्या डोक्यावर पाच भोकं. चावी नसताना स्प्रिंग वरच्या तुकड्याला खाली ढकलते, तो अर्धा बॉडीत अर्धा प्लगमध्ये असा आडवा येतो, आणि प्लग फिरत नाही.

आता चावी घाला. प्रत्येक खाच आपल्या डोक्यावरच्या दोन तुकड्यांना ठराविक उंचीवर नेऊन ठेवते. दोन तुकड्यांमधला सांधा जर नेमका प्लग आणि बॉडीच्या सीमेवर आला, तर खालचा तुकडा पूर्ण प्लगमध्ये, वरचा पूर्ण बॉडीत. आडवं काहीच नाही. सांधा त्या रेषेच्या खाली राहिला तर वरचा तुकडा आडवा. सांधा रेषेच्या वर गेला तर खालचा तुकडा आडवा. लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली काय आणि वीतभर वर थांबली काय, दार उघडत नाही, तसं. कोरी चावी याच कारणाने फिरत नाही, ती पाचही सांधे वर नेते.

पिनेला दोन्ही बाजूंनी अडवणारं हे कुलूप अमेरिकेत लायनस येल बापलेकांनी बनवलं. वडिलांचं पेटंट १८४८चं, आणि आज आपण वापरतो तशी चपटी, दातेरी चावी मुलाने १८६१च्या सुमाराला आणली.

ऱ्हस्वदीर्घ
बरं, वरची बाजू मी धरली नव्हती. पण नवताल सारख्या कुलपात तर मी लहानपणी खिळ्याने... जाऊ दे. त्यात पण पिनाच ना?

कानस
नाही, ते लीव्हरचं कुलूप. कड्याच्या कुलपांवर "६ लीव्हर", "७ लीव्हर" लिहिलेलं असतं ते याच जातीचं, अलीगढची बरीचशी तशीच. त्यात पिना नसतात, पत्र्याच्या पातळ पट्ट्या असतात, त्या चावीने उचलायच्या. पण तत्त्व बघा, तिथेही हाच मुद्दा आधी सुचलेला आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये पेटंट घेतलं त्यात लीव्हर कमी उचलला तरी अडतो आणि जास्त उचलला तरी अडतो. त्याआधीच्या कुलपात नुसतं उचललं की झालं.

मांडवीकाठ
पणजीहून लिहितोय. माझ्या घरच्या लॅचची चावी पावसाळ्यात आत जाते पण फिरत नाही. जरा बाहेर ओढून, हलवून, शिव्या देऊन फिरते. खोबरेल तेल घालतो, आठवडाभर बरं चालतं, परत तेच. नवीन घ्यावं का?

मुक्ता_ठाणे
मांडवीकाठ, धागा तुमच्या लॅचचा नाही हो, पण काका उत्तर देतीलच बहुतेक.

कानसकाका, खूप छान कळलं. म्हणजे कुलूप चावी "ओळखत" नाहीच, पाच ठिकाणी फक्त उंची तपासतं. पण मग उंची किती अचूक लागते? केसाएवढी की मिलिमीटरभर?

डॅलसकर
आकडे मी देतो, कारण इथे आम्ही घर घेतलं तेव्हा दारांची कुलपं न बदलता आतल्या पिना बदलल्या. अमेरिकेत घर घेतलं की हे बरेच जण करतात, आधीच्या मालकाच्या चाव्या कुणाकुणाकडे आहेत काय माहीत. पिनांची पेटी मिळते, प्रत्येक कप्प्यावर नंबर.

माझं कुलूप श्लेगचं आहे, इथे घरोघरी असतं. त्याच्या प्लगचा व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. खाचेची खोली ० ते ९ अशा दहा पायऱ्यांत. ० नंबरच्या खाचेपाशी चावीची उंची ८.५१ मिमी, आणि दर नंबरला ०.३८ मिमी कमी होत जाते. खालच्या पिना उलट्या. ० नंबरची पिन ४.१९ मिमी आणि दर नंबरला ०.३८ ने लांब.

बेरीज करून बघा. खाच ०, पिन ०: ८.५१ + ४.१९ = १२.७०. खाच ४ ला चावी उरते ६.९९ आणि ४ नंबरची पिन ५.७१, परत १२.७०. म्हणजे चावी अधिक पिन बरोबर प्लगचा व्यास. एवढंच जमलं की सांधा आपोआप रेषेवर.

समजा कुलपाचा कोड ४-२-६-३-५ आहे (माझा खरा कोड इथे टाकत नाही, बायको मारेल). कुणी ४-२-६-३-४ ची चावी घातली. चार भोकं जुळली. पाचव्यात ५ची पिन ६.१० मिमी, पण चावी तिथे ६.९९. बेरीज १३.०९. खालची पिन रेषेच्या वर ०.३८ डोकावते आणि फिरणं बंद. चार बरोबर आणि एक पायरी चूक, तरी नाही. मुद्दाम करून बघितलंय, हाताला अगदी भिंतीला लागल्यासारखं जाणवतं.

गणितमास्तर
६.९९ + ६.१० = १३.०९, १२.७० वजा केले तर ०.३९ येतात. ०.३८ नाही.

डॅलसकर
मास्तर, मूळ माप इंचात आहे, पायरी ०.०१५ इंच. मिमी करताना गोळाबेरीज.

गणितमास्तर
मान्य. आता मुक्ता यांच्या प्रश्नाकडे. भारतातल्या साध्या लॅचमध्ये दहा पायऱ्या क्वचितच असतील, सहा धरू. पाच खाचा, प्रत्येकी सहा खोल्या, ६ चा पाचवा घात, ७७७६ चाव्या. पण सगळ्या वापरता येत नाहीत ना, काका?

कानस
नाहीत. एकाशेजारी एक फार उथळ आणि फार खोल खाच काढता येत नाही. पिन चावीच्या उतारावरून घसरत वर-खाली व्हायला हवी, उभा कडा आला तर ती तिथेच अडते, चावी आतच जाणार नाही. पिनेचं खालचं टोक निमुळतं असतं ते त्यासाठीच. शिवाय पाचही खाचा सारख्या, किंवा जवळजवळ सारख्या, अशा चाव्या काढत नाहीत.

गणितमास्तर
मग समजा ५००० उरल्या. काकूंची चावी मुक्ताच्या चावीशी हुबेहूब जुळण्याची शक्यता ५००० त एक. पण हा चुकीचा प्रश्न आहे. चाळीस फ्लॅटांत *कुठल्याही* दोघांची जुळण्याची शक्यता विचारा. चाळीस जणांच्या जोड्या ७८०. ५००० चाव्यांत ७८० जोड्या म्हणजे कुठेतरी एक जोडी सापडण्याची शक्यता साधारण १४ टक्के, सात बिल्डिंगांत एका बिल्डिंगमध्ये. आणि जर कारखान्याने खर्च वाचवायला हजारच कोड फिरवले असतील तर तीच शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते. फक्त एरवी कुणी दुसऱ्याच्या दाराला चावी लावून बघत नाही म्हणून कळत नाही.

चिंगी
बापरे. म्हणजे माझ्याही बिल्डिंगमध्ये असू शकतं.

माझा वेगळाच प्रश्न. पुण्यात हॉस्टेलला होते तेव्हा आमच्या खोल्यांच्या चाव्या वेगवेगळ्या आणि रेक्टर मॅडमकडे एकच चावी, ती सगळ्या खोल्यांना लागायची. चावी अधिक पिन बरोबर व्यास, तर दोन वेगळ्या चाव्या एकाच कुलपाला कशा?

कानस
दोन तुकड्यांऐवजी तीन. मधे एक पातळ चकती टाकतात. मग एकाच भोकात दोन सांधे झाले. तुमची चावी चकतीच्या वरचा सांधा रेषेवर आणते, मॅडमची चावी चकतीच्या खालचा. किंवा उलट.

यात एक गोम आहे आणि ती कॅटलॉगमध्ये छापत नाहीत. कुलपाला हे माहीत नसतं की हे पाच सांधे तुमचे आणि ते पाच मॅडमचे. ते प्रत्येक भोक वेगळं तपासतं. पाचही भोकांत चकत्या असल्या तर प्रत्येक भोकात दोन पर्याय, २ × २ × २ × २ × २, म्हणजे ३२ वेगवेगळ्या चाव्यांनी ते उघडेल. दोन देण्यासाठी तीस फुकट. म्हणून शहाणे लोक सगळ्या भोकांत चकत्या टाकत नाहीत. मॅट ब्लेझ नावाच्या अमेरिकन संशोधकाने २००३ मध्ये यावर निबंध लिहिला, की एका खोलीची चावी आणि तिचं कुलूप हाताशी असलं तर मास्टर चावीच्या खाचा शोधून काढता येतात. कुलूपवाल्यांचा त्यावर राग झाला होता, आमच्या धंद्यात ते आधीपासून ठाऊक होतं म्हणून.

चिंगी
मॅडमना न कळलेलं बरं.

डॅलसकर
काका, सिनेमात हेअरपिनने उघडतात ते मग कसं? पाच भोकं एकदम रेषेवर आणायला पाच हात पाहिजेत.

कानस
एकदम आणावी लागत नाहीत. कागदावर पाचही भोकं एका सरळ रेषेत असतात, ड्रिलिंगमध्ये नसतात. दोन-चार शतांश मिमी इकडेतिकडे होतंच. प्लगवर हलका ताण दिला की पाचांतलं एकच भोक आधी घट्ट धरतं, बाकीच्या पिना सैल असतात. ती एक जागेवर आली की प्लग किंचित फिरतो आणि मग दुसरी धरते. कुलूप चावी एका दमात तपासतं असं आपण समजतो, ते खरं नाही, ते नाइलाजाने एकेक भोक तपासतं. जितकं सुबक ड्रिलिंग तितकं हे कठीण. यापुढे या विषयावर लिहीत नाही.

मांडवीकाठ, तुमच्याकडे येतो. तेल बंद करा. खोबरेल तर अजिबात नको, ते थंडीत घट्ट होतं आणि धूळ धरतं. पिना चिकटतात, स्प्रिंग त्यांना वेळेवर खाली ढकलू शकत नाही. ग्रॅफाइटची पूड मिळते ती घाला, किंवा शिसपेन्सिलीचं शिसं चावीवर घासून चार-सहा वेळा आतबाहेर करा. आधी जुनं तेल काढावं लागेल, कुलपांसाठीचा क्लीनर मारून.

आणि तुमच्या तक्रारीत एक खूण आहे. चावी जरा बाहेर ओढल्यावर फिरते, म्हणजे खाचा पिनांच्या बरोबर खाली येत नाहीयेत, पुढे-मागे होतायत. तुमची चावी मूळची आहे की डुप्लिकेट?

मांडवीकाठ
डुप्लिकेटची डुप्लिकेट. मूळची चुलतभावाबरोबर मस्कतला आहे.

कानस
मग निम्मं कारण तेच. मशीनवर चावी कापताना थोडी चूक होतेच, शतांशांत. नकलेवरून नक्कल काढली की चुका साठत जातात. मूळची मस्कतहून मागवा आणि तिच्यावरून काढून घ्या.

पण तेलाबद्दल एक गोष्ट मुक्ताच्याही कामाची. वरची पिन तेलाच्या चिकट्याने वरच अडकून बसली, तर त्या भोकात कमी उचललेली चावी चालून जाते, कारण अडवायला वरून कुणी येतच नाही. फक्त जास्त उचललं तरच अडतं. म्हणजे ते भोक अर्धं आंधळं झालं. म्हणून जुनं कुलूप एकदम "हलकं" फिरायला लागलं तर खूश होऊ नये.

ऱ्हस्वदीर्घ
म्हणजे माझं पहिलं उत्तर, फक्त उलटं.

कानस
अगदी.

मुक्ता, तुमच्या प्रकरणात अंदाज बांधण्याआधी दोन गोष्टी करा. तुमची आणि काकूंची चावी पाठीला पाठ लावून, खांदे जुळवून, खिडकीच्या उजेडात धरा. खाचा एकावर एक येतात का ते बघा. आणि तुमची चावी *त्यांच्या* दाराला लावून बघा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

मुक्ता_ठाणे
दोन्ही केलं. काकूंना आता या विषयात माझ्यापेक्षा जास्त रस आलाय.

१) उजेडात धरल्या. पहिली, दुसरी, चौथी, पाचवी खाच एकावर एक. तिसरी काकूंची किंचित वर, म्हणजे कमी खोल. नखाने जाणवते एवढी.
२) माझी चावी त्यांच्या दारात जाते, फिरत नाही. काकूंची चावी आमच्या दारात आज परत लावली, पहिल्यांदा अडली, जरा हलवल्यावर फिरली.

म्हणजे एकाच बाजूने चालतंय! हे कसं?

गणितमास्तर
म्हणजे हुबेहूब जोडी नाही, एका पायरीचा फरक असलेली जोडी आहे. मग माझं गणित बदलतं. प्रत्येक कोडला, कडेचे आकडे सोडले तर, एका खाचेत एकाच पायरीने वेगळे असे दहा शेजारी कोड असतात. हुबेहूब एक आणि शेजारी दहा, अकरा. ७८० × ११ भागिले ५००० म्हणजे सरासरी एका बिल्डिंगमध्ये दीडपेक्षा जास्त अशा जोड्या. जुळी चावी दुर्मीळ असेल, जवळची चावी बिलकुल दुर्मीळ नाही. पण डॅलसकर म्हणाले की एका पायरीच्या फरकाने भिंतीला लागल्यासारखं होतं. मग इथे का फिरलं?

डॅलसकर
माझं कुलूप तेव्हा नवीन होतं. त्यांचं सतरा वर्षांचं.

कानस
तेच. आणि झीज कुठल्या दिशेला होते ते बघा म्हणजे एकतर्फी का ते कळेल.

चावी झिजते तेव्हा खाच खोल होते, उंची कमी होते. पिनेचं टोक झिजतं तेव्हा पिन आखूड होते. दोन्ही एकाच दिशेला. डॅलसकर यांची बेरीज, जी १२.७० असायला हवी, ती वर्षानुवर्षं कमीच होत जाते, कधी वाढत नाही. त्यांचेच आकडे घेऊन चालू, तुमच्या लॅचची मापं वेगळी असतील. समजा पिना ०.१ झिजल्या आणि चाव्याही ०.१. तर तुमची स्वतःची चावी तुमच्या कुलपात आता पाचही ठिकाणी ०.२ ने कमी पडते. तरी उघडतं, कारण पिनांच्या कडा गोलावलेल्या असतात, आणि प्लग बॉडीत ढिला झालेला असतो. हाताने जोर दिला की किंचित डोकावणारी वरची पिन कडेवरून घसरून वर जाते. हेच ते "जरा अडतं".

आता काकूंची चावी. चार भोकांत तुमच्यासारखीच, ०.२ कमी. तिसऱ्यात त्यांची खाच एक पायरी उंच, म्हणजे ०.३८ जास्त वजा ०.२ झीज, उरलं ०.१८ जास्त. बघा, त्या भोकात त्यांची चावी वरच्या बाजूला जेवढी चुकते जवळजवळ तेवढीच तुमची चावी खालच्या बाजूला चुकते. तुमच्या जुन्या कुलपाला तिसऱ्या भोकात दोघी सारख्याच.

उलट करा. त्यांच्या कुलपात तुमची चावी. तिसऱ्या भोकात तुमची खाच एक पायरी खोल, म्हणजे ०.३८ कमी, आणि झिजेचे ०.२ अजून कमी, एकूण ०.५८. काही केल्या फिरणार नाही. म्हणून एकतर्फी.

मुक्ता_ठाणे
हे वाचून सासऱ्यांनी कागदावर करून बघितलं. पटलं म्हणाले. काकूंच्या कुलपाला धोका आमच्याकडून नाही, आम्हाला त्यांच्याकडून आहे, असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का विचारतायत.

चिंगी
टाका टाका, मीटिंगला रंग येईल.
पण काका, बिल्डरने तुमच्या त्या चकत्या टाकल्या असतील तर? बांधकाम चालू असताना सुपरवायझरकडे एकच चावी असते असं ऐकलंय. तिसऱ्या भोकात चकती असेल तर काकूंची चावी त्या दुसऱ्या सांध्यावर बसत असेल की. आणि काकूंच्या कुलपात चकती वेगळ्या भोकात, म्हणून उलट चालत नाही.

कानस
हेही बसतं. नाकारता येत नाही. झिजेच्या बाजूने एवढंच म्हणेन की काकूंची चावी अडून, हलवून फिरते. चकतीवर नीट बसली असती तर लोण्यासारखी फिरली असती.

ऱ्हस्वदीर्घ
सतरा वर्षांत चकतीचं भोकही झिजलंच असेल की. मग तिथेही अडेल.

कानस
बरोबर मुद्दा. बाहेरून ठरणार नाही.

मुक्ता_ठाणे
काल चावीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला पिना बदलायच्या भानगडीत तो पडत नाही, अख्खा सिलेंडर बदला. बदलला. काकूंची चावी नव्यात आतच जात नाही, तोंडाची नक्षीच वेगळी आहे. जुना सिलेंडर आणि चावी माझ्याकडे आहे. उघडून बघता येईल का घरी?

डॅलसकर
येईल. मागची क्लिप किंवा स्क्रू काढायचा, चावी घालून प्लग थोडासा फिरवायचा आणि मागून ढकलायचा. पण नुसता ओढून काढू नका! मी पहिल्यांदा तसंच केलं, पाचही स्प्रिंगा सोफ्याखाली. प्लगच्याच जाडीचा एक गोल दांडा त्याच्या मागोमाग आत सरकवायचा, म्हणजे वरच्या पिना आणि स्प्रिंगा बॉडीतच दबून राहतात. लाकडी दांडा सँडपेपरने घासून चालतो. आणि प्लग उलटा, अर्धा फेरा फिरवू नका, वरच्या पिना चावीच्या फटीत पडतात, मग अडकलं ते अडकलं.

मुक्ता_ठाणे
चावी फिरवल्यावर बाहेर का येत नाही हे मला कधीच कळलं नव्हतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

कानस
आहे. प्लग फिरला की खालच्या पिनांच्या डोक्यावर भोक राहत नाही, बॉडीची भिंत येते. चावी ओढायची तर पिना उतारावरून वर चढायला हव्यात, आणि वर जागा नाही. म्हणून सरळ उभी केल्याशिवाय निघत नाही. उघडताना तुम्हालाही चावी आत ठेवूनच प्लग बाहेर काढावा लागेल.

प्लग निघाला की ताटात पांढरं फडकं घालून त्यावर आडवा धरा, चावी काढू नका, आणि तिसऱ्या भोकाकडे बघा. चावी आत असताना पिनांची डोकी प्लगच्या पृष्ठभागाशी समतल दिसली पाहिजेत. खाली बसलेली दिसली तर झीज, किती खाली ते मास्तरांना कळवा. मग तिसरी पिन चिमट्याने उचला. तिच्यावर सुटी पातळ चकती निघाली तर चिंगी बरोबर. आणि चकती निघालीच तर उरलेली चार भोकंही उपसून मोजा, म्हणजे एवढी वर्षं तुमच्या दाराला किती चाव्या लागत होत्या ते कळेल.